याचे काय करू, ते सांग

शब्दांवाचून पुढे ढकललेल्या छायाचित्राला उत्तर कसे द्यावे, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांपुढे मांडावा इतका मोठा आहे काय, अशी शंका कोणाला येईल. आमच्या मते आहे. संहिता समोर आल्यावर वाचकाने पहिली गोष्ट कोणती करावी, हा आपल्या अभ्यासाचा जुनाच प्रश्न येथे अगदी उघड्या रूपात उभा राहतो. कागदाचे चित्र आहे. सोबत एक शब्दही नाही. पाठवणारी व्यक्ती ओळखीची, किंबहुना जिव्हाळ्याची आहे. अशा वेळी जाणकार वाचक लगेच वाचायला बसतो, कारण वाचता येणे हेच त्याचे वैशिष्ट्य. आमचे म्हणणे असे, की त्याने आधी विचारावे: याचे मी काय करावे, अशी तुझी इच्छा आहे? हा प्रश्न म्हणजे वाचनाची टाळाटाळ नव्हे; वाचन तेथूनच सुरू होते. हे एका उदाहरणाच्या आधारे मांडावे असा आमचा विचार आहे.

आमच्या परिचयाच्या एक निवृत्त शिक्षिका मोडी लिपी चांगली वाचतात. त्यांच्याच शाळेत पूर्वी शिकवणाऱ्या एका मैत्रिणीने त्यांना मोबाइलवर एक फोटो पाठवला. फोटोवर तो दुसरीकडून आल्याची, म्हणजे फॉरवर्ड केल्याची खूण होती. खाली मजकूर नव्हता. फोटोत पिवळसर कागद, त्यावर मोडीच्या वीसेक ओळी, मधोमध एक आडवी घडी आणि कागदात उभी गेलेली एक फाट. वरची कड फोटोच्या बाहेर राहिली होती. बाईंनी दिलेले उत्तर त्या दोघींच्या संमतीने आम्ही येथे देत आहोत; खासगी तपशील तेवढे गाळले आहेत.

«तू पाठवलेला फोटो काल रात्री मिळाला. सकाळी उजेडात पुन्हा पाहिला. कागद मोडीतला आहे आणि कर्जरोखा असावा असे वाटते. अक्षर बरे आहे, वाचता येईल. पण वाचायला बसण्याआधी तुला एक विचारते, रागावू नकोस. याचे मी काय करावे असे तुझ्या मनात आहे? नुसते काय आहे एवढेच सांगायचे असेल तर ते आजच सांगीन. शब्दन्‌शब्द बालबोधीत उतरवून हवे असेल तर दोन-तीन संध्याकाळी लागतील, आणि मग मला पूर्ण कागदाचा फोटो लागेल, वरच्या कडेसकट आणि पाठच्या बाजूचाही. एखाद्या कचेरीत दाखवायचे असेल तर माझे वाचन तिथे चालणार नाही. कोणाचे चालते ते त्या कचेरीतच विचारावे लागेल. आणि यातले काहीच नसेल, सहज पाहायला पाठवला असशील, तर तसेही सांग; पाहिला आणि आवडला. हा कागद कोणाच्या घरी सापडला, आणि एकटाच सापडला का, एवढे मात्र नक्की कळव. घाई असेल तर फोन कर.»

या उत्तरात काही थोर आहे असा आमचा दावा नाही. साधे, घरगुती मराठीतले उत्तर आहे. पण त्यातला प्रत्येक प्रश्न कशासाठी आहे हे उलगडून पाहिले, तर निव्वळ छायाचित्र वाचकाला कुठवर नेऊ शकते आणि कुठे थांबवते हे स्पष्ट होते.

प्रथम, फोटोतून काय कळत होते ते पाहू. मजकुराच्या आरंभी मिती होती. शकाचे चार अंक लिहिले होते, पण दशकाचा अंक नेमका घडीत सापडून विरला होता: शके सतराशे, मग रिकामी जागा, मग पाच. महिना ज्येष्ठ. म्हणजे कागद शके १७०५ पासून १७९५ पर्यंतच्या दहा वर्षांपैकी कोणत्याही वर्षाचा असू शकतो. नव्वद वर्षांचे अंतर. सुदैवाने लेखकाने जुन्या रिवाजाप्रमाणे अंकाशेजारी संवत्सराचे नावही घातले होते: श्रीमुखनाम संवत्सर. संवत्सरांचे चक्र साठ वर्षांचे. महाराष्ट्रात चालणाऱ्या गणनेप्रमाणे शकात बारा मिळवून साठाने भागावे. जी बाकी उरेल त्या क्रमांकाचे संवत्सर, प्रभवापासून मोजून. श्रीमुख सातवे. दहा वर्षांपैकी सात बाकी उरते ती दोनच वर्षांना: शके १७३५ आणि शके १७९५. बाकीची आठ बाद झाली. ज्येष्ठ महिना असल्याने शकात ७८ मिळवायचे. म्हणजे कागद इसवी सन १८१३ चा तरी असणार, नाही तर १८७३ चा.

इतके काम फोटोवरून झाले, आणि ते चोख झाले. पण या दोन वर्षांमध्ये निवड करायची तर फोटो मुका होता. १८१३ म्हणजे पेशवाई. दुसऱ्या बाजीरावाचा अंमल. १८७३ म्हणजे इंग्रजी राज्य. एखादा म्हणेल, अक्षराच्या वळणावरून कळेल की. वळणावरून काही सुचते हे खरे. बोरूने काढलेली रेघ आणि टाकाने काढलेली रेघ वेगळी दिसते. पण खेड्यातल्या लेखनिकाने बोरू एकदम टाकला नाही, आणि एकदा घटवलेले वळण माणूस जन्मभर चालवतो. वळण ही साक्ष आहे, निवाडा नव्हे. निवाडा करणारी गोष्ट कागदाच्या माथ्यावर असू शकत होती: स्टँपाचा कागद असेल तर तेथे सरकारी छाप असतो. आणि माथा तर फोटोतून कापला गेला होता. ज्याने फोटो काढला त्याला अक्षरे महत्त्वाची वाटली, कोरी कड नाही. म्हणून बाईंनी वरची कड मागितली. सवड आणि कामाची वाटणी यांविषयीचे ते वाक्य दिसायला व्यवहारी होते. प्रत्यक्षात त्यात साठ वर्षांचा फरक मिटवण्याची तजवीज होती.

पाठची बाजू मागण्याचे कारण आणखी वेगळे. कर्जरोखा लिहिला जातो तो दर्शनी बाजूला: कोणी, कोणाकडून, किती रुपये, कोणत्या व्याजाने, कोणत्या मुदतीने घेतले, खाली साक्षी आणि लिहिणाऱ्याचे नाव. पण रोख्याचे पुढचे आयुष्य त्याच्या पाठीवर चालू राहते. हप्ता भरला की वसुलाची नोंद पाठीवर होई. केवळ दर्शनी बाजू वाचणारा माणूस कर्ज घेतल्याचे सांगू शकतो. फिटले की नाही हे सांगू शकत नाही. आणि जी फाट फोटोत दिसत होती तिचे काय? कागद फाटतो तो झिजेने, कसरीने, घडीवर घडी पडल्याने. पण कर्ज फिटल्यावर रोखा फाडून ऋणकोच्या हवाली करण्याचाही रिवाज होता. झिजेची फाट घडीच्या रेषेने जाते आणि तिच्या कडा भुग्यासारख्या होतात. हाताने मुद्दाम फाडलेला कागद घडीला जुमानत नाही. या कागदाची घडी आडवी होती आणि फाट उभी. संशयाला जागा होती, निर्णयाला नव्हती.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: हा कागद कोणाच्या घरी सापडला? रोख्याची असल प्रत एकच असते आणि ती सावकाराजवळ राहते. कर्ज फिटेपर्यंत तिची जागा सावकाराची पेटी. फिटल्यानंतर ऋणकोचे घर. म्हणजे तोच कागद, तीच अक्षरे, तेच रुपये. पण ज्या पेटीतून निघाला त्यावरून त्याचा अर्थ उलटा होतो. एका घरी तो न फिटलेल्या येण्याचा पुरावा, दुसऱ्या घरी फिटलेल्या देण्याचा. हे कागदावर कुठेही लिहिलेले नसते. फोटोत तर पेटी दिसतच नाही.

येथे आमच्या काही वाचकांच्या मनात एक जुना आक्षेप जागा होईल. आपण वर्गात विद्यार्थ्यांना काय शिकवतो? विमसट आणि बिअर्डस्ली यांनी 1946 साली हेतुविषयक भ्रमाची चर्चा केली, आणि तेव्हापासून संहितेचा अर्थ शोधताना लेखकाच्या मनात काय होते हे विचारू नये, ते संहितेतच पाहावे, असे आपण सांगत आलो. मग समोर संहिता ठेवलेली असताना बाईंनी ‘तुझ्या मनात काय आहे’ असे विचारणे म्हणजे त्या शिस्तीचा भंगच नव्हे काय?

आम्हांस तसे वाटत नाही. बाईंनी रोखा लिहिणाऱ्याचा हेतू विचारलेला नाही. तो त्यांनी त्या दोघा टीकाकारांना मान्य होईल अशा रीतीने कागदातूनच काढला: मितीवरून, संवत्सरावरून, मजकुराच्या घडणीवरून. त्यांनी विचारला तो पाठवणारीचा हेतू. आणि पाठवणारी ही कागदाची कर्ती नव्हे. पाठवणे ही एक स्वतंत्र उक्ती आहे. तिच्यात छायाचित्र हे फक्त नाम आहे, क्रियापद नाही. ‘हे वाच’, ‘हे जप’, ‘हे खरे का ते सांग’, ‘हे फेकू का’, ‘बघ किती सुंदर अक्षर आहे’: यांतले कोणतेही क्रियापद त्या नामाला जोडता येते, आणि प्रत्येकाचे उत्तर वेगळे आहे. कर्त्याचा हेतू शोधायला संहिता तरी हाताशी असते. पाठवणाऱ्याच्या हेतूची संहिताच नसते. तो विचारूनच कळतो. या दोन गोष्टी एकाच ‘हेतू’ या शब्दाखाली घातल्यामुळे गोंधळ होतो.

गंमत अशी, की ज्या काळात मोडी हा रोजचा व्यवहार होता त्या काळचे कागद या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणे होते. इनामाच्या सनदांच्या अखेरीस बहुधा कागदाचे काय करायचे याचीच आज्ञा असे: दफ्तरात या पत्राची तालीक, म्हणजे नक्कल, लिहून ठेवावी आणि असल पत्र ज्याचे त्याला भोगवट्यासाठी परत द्यावे. नक्कल कोणाकडे राहील, असल कोणाकडे जाईल आणि कशासाठी, हे सारे पत्रच सांगे. आपण आज एका बोटाने नक्कल काढतो आणि दुसऱ्या बोटाने पुढे पाठवतो. आज्ञा मात्र मागे राहून जाते.

आणि ती खरोखरच मागे राहते, हे या प्रसंगात दिसून आले. मैत्रिणीचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले. फोटो तिच्या पुतण्याने काढला होता. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका गावी तिच्या सासरचा जुना वाडा पाडायचा होता. माळ्यावर पत्र्याची एक पेटी निघाली. तीत असे दोनेकशे कागद. पुतण्याने वरचा एक कागद उचलला, फोटो काढला, घरच्या समूहावर टाकला आणि पाठोपाठ वेगळ्या संदेशात लिहिले, की पेटीत असे पुष्कळ कागद आहेत, रविवारी मजूर येणार आहेत, काय करायचे ते कळवा. समूहात दोन मते पडली: एकाचे मत रद्दीत द्यावे, दुसऱ्याचे नदीत सोडावे. मैत्रिणीला आपली मोडी जाणणारी सखी आठवली आणि तिने फोटो पुढे पाठवला. पुतण्याचा संदेश वेगळा होता. तो पुढे गेला नाही.

म्हणजे या छायाचित्राला शब्द नव्हते असे नाही. शब्द होते, प्रश्न होता, मुदतसुद्धा होती. वाटेत एका टप्प्यावर ते गळले. निःशब्द छायाचित्र पाहून आपण पाठवणाऱ्याच्या आळसाला नावे ठेवतो, पण पुष्कळदा ते दुसऱ्याच्या पूर्ण वाक्याचा उरलेला तुकडा असते. पाठवणाऱ्याच्या मनात ते वाक्य इतके ताजे असते, की समोरच्यालाही ते दिसत आहे असा त्याचा समज होतो.

आता कल्पना करा, की बाईंनी न विचारता वाचन केले असते. दोन-तीन संध्याकाळी खर्च करून वीस ओळी बालबोधीत उतरवल्या असत्या आणि लिहिले असते, की हा एक साधा कर्जरोखा आहे, रक्कम किरकोळ, यात विशेष काही नाही. प्रत्येक शब्द खरा ठरला असता. पण रविवार तोवर उलटला असता, आणि उलटला नसता तरी ‘विशेष काही नाही’ हे तीन शब्द घरच्या समूहावर गेले असते आणि पेटीचा निकाल लागला असता. विचारले होते पेटीविषयी. उत्तर मिळाले असते कागदाविषयी. अचूक वाचन चुकीच्या प्रश्नाचे उत्तर होऊ शकते, हे या उदाहरणाइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

बाईंनी त्याच दिवशी दुसरे उत्तर पाठवले, आणि ते अगदी थोडक्यात होते. पेटी आहे तशी उचलून कोरड्या जागी ठेवावी. कागद ज्या क्रमाने किंवा गठ्ठ्याने बांधले असतील तो मोडू नये. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नये, आणि कौतुकाने लॅमिनेशन तर मुळीच करू नये, कारण उष्णतेने चिकटवलेले प्लास्टिक कागदाला इजा न होता पुन्हा सुटत नाही. पेटी कोणाच्या वापरातली, कोणत्या खोलीच्या माळ्यावर होती, हे घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारून वेगळ्या कागदावर लिहून ठेवावे. आणि पुन्हा फोटो काढायचे तर पूर्ण कागद, चारही कडा, दोन्ही बाजू, शेजारी एक पट्टी ठेवून. आणि ते मोबाइलवर डॉक्युमेंट म्हणून पाठवावेत, म्हणजे वाटेत दाबले जाऊन अक्षरे पुसट होणार नाहीत.

पूर्ण फोटो आला तेव्हा माथ्यावर व्हिक्टोरिया राणीच्या काळचा स्टँपाचा छाप दिसला, आणि शके १७३५ बाद झाले. पेशवाईतल्या कागदावर तो असणे शक्यच नव्हते. कागद 1873 च्या ज्येष्ठातला ठरला. पाठीवर वसुलाच्या तीन नोंदी होत्या.

साल ठरल्यावर पेटीचे मोल एकदम बदलले, आणि त्याचे कारण इतिहासात आहे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यात भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी सावकारांविरुद्ध दंगा झाला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरला. दख्खनचे दंगे या नावाने तो प्रसिद्ध आहे. त्या दंग्यात लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता; खते आणि रोखे हस्तगत करून जाळणे हा त्यांचा मुख्य उद्देश होता. सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि 1879 साली दख्खनमधील शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. म्हणजे त्या प्रदेशातला, दंग्याच्या अवघ्या दोन वर्षे आधीचा रोखा हा अशा जातीचा कागद आहे, जो लोकांनी समजून-उमजून नष्ट केला. तो का वाचला? गावात दंगा पोचला नाही म्हणून? सावकाराने लपवला म्हणून? की कर्ज आधीच फिटून तो ऋणकोच्या घरी सुखरूप पोचला होता म्हणून? एका कागदावरून यांतले काहीच सांगता येत नाही. दोनशे कागदांवरून मात्र काही तरी सांगता येईल.

कसे, तेही बाईंनी मैत्रिणीला समजावले, आणि ही कसोटी आम्हांस फार आवडली. सगळे रोखे बालबोधीत उतरवण्याची गरज नाही. प्रत्येक रोख्यातली दोनच नावे काढावीत: घेणारा कोण, देणारा कोण. सावकाराचे नाव सर्वत्र तेच आणि कर्ज घेणारे निरनिराळे असतील, तर पेटी सावकाराची. कर्ज घेणाऱ्याचे नाव किंवा घराणे तेच आणि सावकार वेगवेगळे असतील, तर पेटी ऋणकोची, आणि फाटलेले रोखे म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ऋणमुक्ती. दोन्ही मिसळलेले असतील, तर घर एकीकडे घेणारे आणि दुसरीकडे देणारे होते, असेही होऊ शकते.

मैत्रिणीच्या सासरी अशी समजूत होती, की पूर्वी आपल्याकडे सावकारी होती. पहिल्या कागदावरची फाट आणि पाठीवरचे वसूल त्या समजुतीच्या विरुद्ध बाजूला बोट दाखवत होते. बाईंनी ते बोट दिसल्याचे सांगितले. निष्कर्ष मात्र काढून दिला नाही. ‘बाकीचे कागद पाहिल्याशिवाय हे ठरत नाही’ एवढेच लिहिले. येथेही त्यांच्या पहिल्या प्रश्नाचे मोल कळते. एखाद्या घराच्या पूर्वजांविषयी, जमिनीविषयी, जातीविषयी काही सांगणारा कागद वाचणे म्हणजे नुसते अक्षर लावणे नव्हे. 2023 मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी समिती नेमली गेली तेव्हा मोडीतल्या जुन्या नोंदींना एकाएकी केवढे वजन आले, हे आपण पाहिले आहे. अशा कागदावरचे वाचकाचे एक घाईचे वाक्य पुढे ढकलले जाते आणि तिसऱ्या समूहावर पोचेपर्यंत ते प्रमाणपत्र होऊन बसते. म्हणून आपले वाचन कशासाठी वापरले जाणार आहे हे विचारण्याचा वाचकाला हक्क आहे, आणि आमच्या मते ते त्याचे कर्तव्यही आहे.

राहता राहिला मुद्दा विचारण्याच्या रीतीचा. प्रश्न तोच, पण नुसते प्रश्नचिन्ह पाठवले असते तर मैत्रिणीला आपण उगाच त्रास दिला असे वाटले असते. ‘हे काय आहे?’ असे विचारले असते तर तो प्रश्न उलटाच झाला असता, कारण काय आहे हे तिला ठाऊक असते तर तिने पाठवलेच नसते. अंगठा दाखवून गप्प बसले असते तर ‘पाहिले’ एवढे कळले असते, आणि रविवार उजाडला असता. बाईंच्या उत्तराची घडण पाहा. पहिल्या दोन-तीन वाक्यांत त्यांनी जे दिसले ते सांगून टाकले. म्हणजे काहीच न करता प्रश्न टाकला असे झाले नाही. मग प्रश्न विचारला, आणि प्रश्नाबरोबर उत्तरांचे पर्यायही पुढे ठेवले. हे महत्त्वाचे आहे. ज्याला लिपी येत नाही त्याला काय मागता येते हेही ठाऊक नसते. सारांश वेगळा, लिप्यंतर वेगळे, कचेरीला चालणारे लिप्यंतर वेगळे, हा भेद त्याला कसा माहीत असावा? पर्याय मांडणे म्हणजे मागणाऱ्याच्या हाती भाषा देणे. आणि शेवटचा पर्याय त्यांनी ‘काहीच नको’ असाही ठेवला; तो नसता तर प्रश्नात नकळत जाब विचारल्याचा सूर आला असता.

या रीतीला मर्यादा आहे, हे मान्य केले पाहिजे. विचारण्यात वेळ जातो, आणि कधी कधी वेळच नसतो. म्हणूनच उत्तराच्या अखेरीचे ‘घाई असेल तर फोन कर’ हे वाक्य आम्ही शिष्टाचाराचे मानत नाही. शिवाय प्रत्येक चित्राला अशी चौकशी लागत नाही. नातवाच्या बारशाच्या फोटोला ‘याचे काय करू’ असे विचारणारा माणूस चमत्कारिकच म्हणावा लागेल. पण जे चित्र वाचायला विशेष ज्ञान लागते, आणि ज्याच्या वाचनावर कोणाचे तरी काही अवलंबून असू शकते, तेथे जाणकाराने आपल्या ज्ञानाचा मोह आवरून आधी प्रश्न विचारणे उचित होय.

मोडीच्या किंवा पाठचिकित्सेच्या वर्गात शिक्षक विद्यार्थ्यांपुढे कागदाचे छायाचित्र ठेवतात आणि ‘वाचा’ म्हणतात. आमची सूचना एवढीच, की वर्षातून एकदा तरी तेच छायाचित्र, कड कापलेले आणि पाठ नसलेले, एकही शब्द न बोलता पुढे ठेवावे आणि पाहावे, वाचायला बसण्यापूर्वी कोण काय विचारतो. ज्याने पहिल्यांदा अक्षर लावले त्याला गुण द्यावेतच. पण पेटी कुठे आहे असे ज्याने विचारले, त्यालाही तितकेच द्यावेत.